अळीव आणि पंधरा तारीख

ऑक्टोबरचं पान उलटल्या उलटल्या सोहमने स्टुल ओढलं, वर चढला आणि कॅलेंडरवर १५ तारखेभोवती पेनने गोल केला. १४ ला सहामाहीचा शेवटचा पेपर, १५ ला सकाळच्या एसटीने मेणवली. दादा तिकडे वाट बघत होता, यंदा अंगणात प्रतापगड करायचा ठरलेला, आणि सोहमशिवाय एक दगडही लावायचा नाही अशी दादाकडून फोनवर शपथ घेऊन झालेली.

रोज झोपताना एक फुली मारायची. पण त्याच चौकोनांत मम्मीचे दुधाचे खाडे असतात, आणि तिची पण फुलीच. रविवारी ५ तारखेला हिशोबाला बसली तर काय, "आई, चार दिवस दूध आलंच नाही का हो?" आजी म्हणाली अगं मग चहा कशाचा पितेयस. तेव्हा कुठे कळलं. मग ठरलं, फुली मम्मीची, सोहमने कोपऱ्यात छोटा भगवा झेंडा काढायचा. ते त्याला जास्तच आवडलं, एकेक झेंडा काढायला दहा मिनिटं लावायचा, काठी वेगळ्या रंगाची, टोकं दोन, आणि ती वाऱ्यावर उडल्यासारखी दिसली पाहिजेत. गणिताचा अभ्यास तसाच पडलेला, पण खरं सांगायचं तर उलटी वजाबाकी त्याची याच दिवसांत पक्की झाली, पंधरातून आजची तारीख गेली की किती, हे झोपेत विचारलं तरी सांगायचा.

आजोबांचं वेगळंच. ते तारीख बघतच नाहीत, तिथी बघतात. सोहमने त्यांना एकदा पकडलं, "आजोबा, १८ ला धनत्रयोदशी, मग नरक चतुर्दशी १९ ला पाहिजे ना, २० ला का छापलीय? चुकलंय का?" आजोबा एकदम खुश. म्हणाले चुकलेलं नाही रे, तारीख रात्री बाराला बदलते, तिथी कधीही बदलते, चंद्राप्रमाणे. चतुर्दशी १९ ला दुपारी लागते, पण अभ्यंगस्नान पहाटेचं, आणि त्या पहाटे अजून त्रयोदशीच, म्हणून उटणं २० ला. सोहमला चंद्राचं किती कळलं माहीत नाही, पण मधला रविवार मोकळा मिळाला एवढं बरोबर कळलं. "म्हणजे अळीव वाढायला एक दिवस जास्त!"

कारण सगळी घाई त्या अळिवाचीच होती. किल्ला काय, दोन दिवसांत उभा राहतो, दगड, विटा, पोती, वरून चिखल. पण हिरवा व्हायला अळीव पेरल्यावर चारपाच दिवस तरी पाहिजेत, नाहीतर मावळे उघड्या मातीवर उभे.

आणि मग ९ तारखेला शाळेतून चिठ्ठी आली, इंग्रजीचा पेपर पुढे ढकललाय, आता १६ ला. म्हणजे निघायचं १७ ला, वसुबारसेला. सोहम काही बोलला नाही, स्टुलावर चढला, १५ चा गोल खोडायला गेला तर पेनचं खोडलं जाईना, कागद फाटायला आला, आणि मग जो रडायला लागला तो जेवायलाच येईना. पप्पा म्हणाले दोन दिवसांनी काय होतंय. असं म्हणू नये खरंतर, त्याचे ते दोनच दिवस म्हणजे बुरुजावरचं सगळं गवत होतं.

आजी त्याच्याजवळ जाऊन बसली. म्हणाली, किल्ला तिकडे आहे, अळीव इकडे पेरायला कोणी अडवलंय?

रविवारी १२ ला मिठाईच्या प्लॅस्टिकच्या डब्यात ओला कापूस पसरला, अळीव शिंपडले. थोड्या वेळात बिया बुळबुळीत झाल्या, प्रत्येकीभोवती जेलीसारखं. सोमवारी रात्री पांढरे कोंब, बुधवारी दोन दोन हिरवी पानं. सोहम शाळेतून आला की आधी बोटांनी पाणी शिंपडणार, मग हात न धुता झेंडा काढणार, त्यामुळे त्या आठवड्याचे चौकोन सगळे ओलसर, सुरकुतलेले. १६ चा झेंडा सगळ्यात मोठा, दुधाच्या चौकोनात पण घुसलेला. मम्मी काही बोलली नाही.

१७ ला एसटीत डबा मांडीवर. मम्मी म्हणतेय बॅगेत ठेव, नाही. खंबाटकी घाटात गाडी वळली की हा डबा उलट्या बाजूला कलता करायचा. कंडक्टरने विचारलं काय आहे रे त्यात, तर म्हणाला "जंगल आहे, प्रतापगडाचं," आणि कंडक्टरने पण मान हलवून अर्धं तिकीट फाडलं.

मेणवलीला अंगणात दादा कोपरापर्यंत चिखलात. शपथ पाळली होती, दगड एकही लावलेला नव्हता, फक्त माती चाळून भिजवून ठेवलेली. डबा उघडल्यावर ओरडलाच, "आयला, हे तर तयारच आहे!"

"कापसासकट लावायचं," सोहम म्हणाला, "आधी बुरुज कर. लवकर."

चपला काढायचं पण राहून गेलं.