बेगमपुऱ्यातील जुन्या दगडी घराच्या दुरुस्तीस परवानगी मिळणेबाबत अर्ज

दिनांक : 14 जानेवारी 2026

प्रति,
मा. अध्यक्ष व सदस्य,
वारसा जतन समिती, महानगरपालिका,
छत्रपती संभाजीनगर

विषय : संरक्षित परिसरातील वडिलोपार्जित दगडी घराची पश्चिम भिंत व माळवद दुरुस्त करण्यास परवानगी मिळणेबाबत.

महोदय,

मी खाली सही करणार बेगमपुरा येथील वडिलोपार्जित घराचा मालक असून आई व कुटुंबासह तेथेच राहतो. घर चौसोपी, काळ्या दगडाचे असून वर माळवद आहे. मोजणी नकाशाप्रमाणे ते बीबी का मकबऱ्याच्या संरक्षित हद्दीपासून 180 मीटरवर, म्हणजे 1958 च्या प्राचीन स्मारक कायद्यातील 2010 च्या दुरुस्तीनुसार विनियमित क्षेत्रात येते. सक्षम प्राधिकाऱ्याकडे वेगळा अर्ज केला आहे. दोन्ही परवानग्या हातात आल्याशिवाय एकही दगड हलवणार नाही.

घराची पश्चिम भिंत दुहेरी आहे : आतबाहेर घडीव दगड आणि मध्ये डबर व माती. बाहेरच्या अंगाला कधीकाळी सिमेंटची दर्जबंदी झाली आहे. तेव्हापासून आत शिरलेले पावसाचे पाणी बाहेर पडायला वाव राहिला नाही. मधली माती धुपून खाली बसली आणि बाहेरचा थर सुमारे आठ फूट लांबीत पोट काढून पुढे आला. ओसरीच्या कोपऱ्यातल्या भेगेवर आम्ही काचपट्टी बसवली होती, ती या पावसाळ्यात तडकली. म्हणजे भिंत अजून सरकते आहे.

माळवदाची अवस्था याहून काळजीची आहे. गळती थांबवायची म्हणून वर्षानुवर्षे पांढऱ्या मातीचा थरावर थर चढत गेला. आज तो काही खणांत दीड फुटांच्या वर आहे. एवढे ओझे पेलणाऱ्या सागवानी तुळयांपैकी तिघींची भिंतीत शिरलेली टोके कुजली आहेत. टोकदार सळई बोटाने दाबली तरी लाकडात रुतते. त्या खणांना सध्या टेकू दिले आहेत आणि आईची झोपण्याची जागा तेथून हलवली आहे.

30 सप्टेंबर 1993 च्या किल्लारी भूकंपात लातूर-धाराशिवकडची घरे कशी कोसळली, हे मराठवाड्यात कोणाला सांगावे लागत नाही. मातीत रचलेल्या भिंतींचे दोन थर एकमेकांपासून सुटले आणि माळवदाचा भार झोपलेल्या माणसांवर आला. आमच्या भिंतीत आज तोच दोष दिसतो आहे. त्यानंतर कित्येकांनी दगडी घरे पाडून स्लॅब टाकले. आम्हाला ते करायचे नाही. दगडी घर नीट बांधले आणि सांभाळले तर ते टिकते, यावर माझा विश्वास आहे.

नियोजित काम असे : फुगलेला भागच क्रमांक टाकून उतरवायचा आणि तेच दगड त्याच जागी चुन्यात पुन्हा रचायचे. प्रत्येक थरात ठरावीक अंतरावर भिंतीच्या आरपार जाणारे लांब बंधदगड घालून दोन्ही अंगे बांधून घ्यायची. जुने सिमेंट छिन्नीने हळूहळू काढायचे, यंत्र लावायचे नाही. माळवदावरची जादा माती उतरवून पन्हाळाकडे नीट ढाळ द्यायचा. कुजलेल्या तुळयांचा सुदृढ भाग ठेवून टोकाला सागवानाचाच जोड द्यायचा. जिथे जोड टिकणार नाही तिथेच नवी तुळई. चुना घाणीत मळून, गूळ, हिरडा व बेलफळ घालून वापरणार आहोत. हे काम जाणणारा गवंडी पैठण भागातून मिळाला आहे. विजेच्या तारा लाकडाच्या कडेने नेऊ, दगडात खाच पाडणार नाही. घराची उंची, दर्शनी भाग, दिंडी दरवाजा आणि कोनाडे यांत बदल नाही, जादा मजलाही मागत नाही.

वेळेबाबत विशेष विनंती. चुना सावकाश वाळावा लागतो. कडक उन्हात तो भेगाळतो आणि पावसात धुऊन जातो. फेब्रुवारीत भिंत हाती घेतली तरच मृगापूर्वी माळवद बंद करता येईल. पुढचा पावसाळा भिंत काढेल असे मला वाटत नाही, आणि ती पडली तर वाचवायला काही उरणार नाही. तरी समितीने येत्या बैठकीत हा अर्ज घ्यावा व त्याआधी प्रत्यक्ष पाहणी करावी. समितीने सुचवलेल्या अटी मान्य आहेत. चुन्याचा नमुना पाहायचा असल्यास आधी एका कोपऱ्यात हातभर भिंत करून दाखवू.

सोबत मालमत्ता पत्रक, घरपट्टीची पावती, मोजणी नकाशा, भिंतीचे व माळवदाचे मोजमापासह आराखडे, आतबाहेरची छायाचित्रे, संरचना अभियंत्याचा अहवाल आणि शेजाऱ्यांचे ना-हरकत पत्र जोडले आहे.

आपला विश्वासू,
(सही)
रमेश भगवानराव जोशी
बेगमपुरा, छत्रपती संभाजीनगर