परिणाम: केंद्रनिहाय स्तरित विश्लेषण (इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे)

बिनधुराची तंबाखू रोज खाणे आणि तोंडातील ल्युकोप्लाकिया यांचा संबंध तीन केंद्रांवरील केस-कंट्रोल माहितीतून तपासला. एकूण रुग्ण २००, नियंत्रणे २६०. केंद्र हाच स्तर धरला.

| केंद्र | रुग्ण: खाणारे/न खाणारे | नियंत्रणे: खाणारे/न खाणारे | ऑड्स रेशो (९५% विश्वास अंतराल) |
|---|---|---|---|
| इंदूर | ५४/३६ | ३०/६० | ३.०० (१.६३–५.५१) |
| ग्वाल्हेर | ४५/१५ | ६६/५४ | २.४५ (१.२४–४.८७) |
| बडोदे | २०/३० | ८/४२ | ३.५० (१.३६–९.००) |

मँटेल-हेन्झेल सामायिक ऑड्स रेशो २.८७ आला (९५% विश्वास अंतराल १.९०–४.३३, रॉबिन्स-ब्रेस्लो-ग्रीनलँड प्रसरण वापरून). सातत्य-दुरुस्तीविना काय-वर्ग २६.१४, मुक्तांश १, पी < ०.००१. या अंदाजात इंदूरचे वजन ४३%, ग्वाल्हेरचे ४०% आणि बडोद्याचे १७% आहे.

तिन्ही केंद्रे एकत्र मिसळून काढलेला कच्चा ऑड्स रेशो मात्र २.२० (१.५१–३.२१) इतकाच भरतो. ही घट रोगामुळे नाही, नमुना कसा घेतला त्यामुळे आहे. ग्वाल्हेरला एका रुग्णामागे दोन नियंत्रणे घेतली, इतरत्र एकास एक. शिवाय नियंत्रणांमधील खाणाऱ्यांचे प्रमाण ग्वाल्हेरला ५५%, इंदूरला ३३%, बडोद्याला १६%. त्यामुळे एकत्रित तक्त्यात ३०% रुग्ण पण ४६% नियंत्रणे ग्वाल्हेरची, आणि नियंत्रणांचा गट तंबाखूकडे झुकतो. म्हणून मुख्य निष्कर्ष म्हणून कच्चा आकडा देऊ नये. तो इथे केवळ तुलनेसाठी आहे.

ब्रेस्लो-डे एकजिनसीपणा चाचणी, टॅरोन दुरुस्तीसह: काय-वर्ग ०.३९, मुक्तांश २, पी = ०.८२. सर्वांत लहान अपेक्षित संख्या ८.९ (बडोदे, खाणारी नियंत्रणे), त्यामुळे काय-वर्गाचा अंदाज चालण्यासारखा आहे. दुरुस्तीने आकड्यात तिसऱ्या दशांशापर्यंतही फरक पडत नाही, तरी प्रथा म्हणून ती नोंदवली.

पी मोठा आहे म्हणजे तिन्ही ठिकाणी परिणाम सारखाच, असा अर्थ काढू नये. तीनच स्तर असताना या चाचणीची ताकद तोकडी पडते: बडोदे आणि ग्वाल्हेर यांच्या ऑड्स रेशोंचे गुणोत्तर १.४३ असले तरी त्याचे अंतराल ०.४४ ते ४.५८ पसरलेले आहे. म्हणजे मध्यम आकाराचा खरा फरकही दडून राहू शकतो. सामायिक आकडा वापरण्याचा निर्णय या चाचणीपेक्षा दुसऱ्या गोष्टीवर टेकलेला आहे: तिन्ही अंदाज एकाच दिशेचे आहेत आणि प्रत्येकाचे अंतराल १ च्या वर आहे.

पुनर्गणनेसाठी:

```r
t <- array(c(54,36,30,60, 45,15,66,54, 20,30,8,42), c(2,2,3))
mantelhaen.test(t, correct = FALSE)
DescTools::BreslowDayTest(t, correct = TRUE)
```

प्रत्येक स्तरात पहिला स्तंभ रुग्णांचा, पहिली ओळ खाणाऱ्यांची. एखाद्याच केंद्राची ओळ उलटली, तर तिथला ऑड्स रेशो १ खाली जातो आणि एकजिनसीपणा चाचणीत खोटी विषमता दिसते. कुठलाही अर्थ लावण्याआधी वरचा तक्ता मूळ फॉर्मशी ताडावा. वय आणि धूम्रपान यांचे समायोजन या विश्लेषणात नाही. ते सशर्त नसलेल्या लॉजिस्टिक प्रतिमानात, केंद्र हे चल ठेवून, पुढच्या विभागात दिले आहे.