हापूस खरेदी करारनामा: कलम १४, लवाद

१४.१ पावस (ता. रत्नागिरी) येथील बागेतील २०२६ च्या हंगामातील हापूसच्या पुरवठ्यावरून बागायतदार व वाशीचे खरेदीदार यांच्यात जो काही वाद होईल, मग तो दराचा, दर्जाचा, पट्टीचा असो वा थकलेल्या रकमेचा, त्याचा अंतिम निवाडा लवाद आणि समेट अधिनियम, १९९६ प्रमाणे लवादामार्फतच होईल. करार संपला किंवा रद्द झाला तरी हे कलम लागू राहील.

१४.२ लवादाचे आसन रत्नागिरी राहील. बाग, पॅकिंगची शेड आणि बहुतेक साक्षीदार तिथेच असल्याने उभयतांनी हे समजून-उमजून ठरवले आहे. सोयीसाठी एखादी सुनावणी वाशीत किंवा व्हिडिओ कॉन्फरन्सने घेतली, तरी आसन बदलले असे होणार नाही. अंतरिम आदेशाचे किंवा निवाड्याला आव्हान देणारे अर्ज रत्नागिरीवर अधिकार असलेल्या सक्षम न्यायालयातच करावे लागतील.

१४.३ मागणीची रक्कम ₹१५ लाखांपर्यंत असेल तर एकच लवाद, त्याहून जास्त असेल तर तीन.

एका लवादाच्या बाबतीत, वादाची लेखी नोटीस मिळाल्यापासून ३० दिवसांत उभयतांनी एक नाव एकमताने ठरवावे. तीन लवाद असतील तर प्रत्येक पक्ष ३० दिवसांत एकेक लवाद नेमील आणि ते दोघे पुढील ३० दिवसांत तिसरा, म्हणजे अध्यक्ष लवाद, निवडतील. मुदतीत नाव ठरले नाही, किंवा एका पक्षाने आपला लवाद नेमलाच नाही, तर अधिनियमाच्या कलम ११ प्रमाणे मुंबई उच्च न्यायालयाकडे नेमणुकीसाठी अर्ज करावा. दुसरा पक्ष गप्प राहिला म्हणून एकट्याने त्याच्या वतीने लवाद नेमण्याचा अधिकार कोणालाही नाही. कोणत्याही पक्षाचा नातेवाईक, नोकर, भागीदार किंवा अडत्या लवाद होऊ शकणार नाही. लवादाची जागा रिकामी झाल्यास ती याच पद्धतीने भरावी.

१४.४ कामकाज व निवाडा मराठीत होईल. इंग्रजी ईमेल, बिले व निर्यातीचे कागद भाषांतराशिवाय दाखल करता येतील. लवादाने सांगितले तरच भाषांतर द्यावे.

१४.५ साक्याची तक्रार निवाड्यापर्यंत थांबू शकत नाही; तोवर फळच उरणार नाही. म्हणून साका आढळल्यापासून २४ तासांत, आणि माल पोचल्यापासून जास्तीत जास्त १० दिवसांत, खरेदीदाराने पेटीचा लॉट क्रमांक व कापलेल्या फळाचे फोटो बागायतदाराला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवावेत. त्याच लॉटमधील दर २० पेट्यांमागे एक पेटी बागायतदाराच्या माणसासमोर उघडून, फळे कापून पंचनामा करावा. बोलावूनही तो ४८ तासांत आला नाही, तर दोन त्रयस्थ पंचांसमोर करावा. लवादापुढे दर्जाच्या वादात हा पंचनामा प्रमुख पुरावा राहील.

१४.६ एक लवाद असलेल्या वादांत अधिनियमाच्या कलम २९ब मधील जलद पद्धतीस उभयतांची याद्वारे संमती आहे. लवादाची फी आधी निम्मी-निम्मी भरावी. शेवटी ती कोणावर बसवायची ते लवाद निवाड्यात ठरवील.