आण्णांची ट्रंक

ट्रंक माळ्यावर होती हे आम्हा दोघांनाही लहानपणापासून माहीत होतं, पण आण्णा असताना तिला हात लावायची कुणाची टाप नव्हती आणि ते गेल्यावर कुणाला आठवलीच नाही.

आण्णा गेले २०२२ च्या श्रावणात. तेराव्यानंतर दादाने कपाटातलं मृत्यूपत्र काढलं, २०११ चं, सब-रजिस्ट्रारकडे नोंदवलेलं, शिक्केबिक्के असलेलं. घर, विहीर, घरामागची बारा कलमं आणि वरचं वरकस, सगळं आम्हा दोघा भावांना निम्मं निम्मं. आण्णांनी ही जागा १९८७ साली एसटीच्या पगारातून पैसे साठवून घेतली होती, वडिलोपार्जित काही नाही, त्यामुळे कुणाला द्यायची हा त्यांचाच प्रश्न होता. ताईबद्दल त्यात एकच ओळ होती, "कन्या सुमन हिचं लग्न करून दिलेलं असून ती सुस्थळी आहे." ती ओळ दादाने मोठ्याने वाचली तेव्हा ताई स्वयंपाकघरात होती आणि भांड्यांचा आवाज थांबला नाही, एवढं मला आठवतंय. आम्ही तलाठ्याकडे अर्ज दिला, नोटिसा निघाल्या, ताईने काही हरकत घेतली नाही, फेरफार मंजूर झाला, सातबाऱ्यावर आणि घराच्या आठ-अ वर आमची नावं लागली. संपलं.

ताई तिथेच राहत होती. भाऊजी २०१७ ला गेले, सासरच्यांनी सहा महिन्यात तिला माहेरी आणून सोडलं आणि तेव्हापासून आण्णांचं सगळं तिनेच केलं. आम्ही म्हणायचो, राहू दे की, तिचंच घर आहे. हे वाक्य मी स्वतः कितीतरी जणांना ऐकवलंय.

मग यंदा गिऱ्हाईक आलं. पुण्याची पार्टी, फार्महाऊससाठी जागा हवी, विहिरीला बारमाही पाणी बघून खूश झाले. दादाला डोंबिवलीच्या फ्लॅटचे हप्ते जड जात होते आणि माझ्या पोरीची इंजिनिअरिंगची फी होती. इसार म्हणून दोन लाख घेतले, एकेक लाख वाटून घेतले, आणि ताईला सांगितलं की तू आता दादाकडे डोंबिवलीला यायचं. ती म्हणाली, "बरं." त्या बरंवर आम्ही दोघांनी समाधान मानलं.

मे महिन्यात घर रिकामं करायला दोघं रात्रीच्या गाडीने देवरुखला उतरलो, तिथून रिक्षाने गावात. दुसऱ्या दिवशी दुपारी दादा शिडी लावून माळ्यावर चढला आणि वरून ओरडला, "पिंट्या, धर रे, जड आहे." हिरव्या पत्र्याची ट्रंक, वर पांढऱ्या ऑइलपेंटने आण्णांचं नाव आणि बिल्ला नंबर. कुलूप नव्हतंच, नुसती कडीत सुतळी बांधलेली. म्हणजे इतकी वर्षं आम्ही ज्या कुलपाला घाबरत होतो ते कधी नव्हतंच की काय कोण जाणे.

आत डांबराच्या गोळ्यांचा वास. खाकी डगला, घडी मोडून कॉलरवर पिवळा पडलेला. पत्र्याची तिकिटांची पेटी, तिच्यात रबरबँड वितळून चिकटलेल्या दोन-चार गड्ड्या. आणि पंच. तो पंच हातात घेतला आणि मला एकदम आण्णा गाडीच्या दांड्यावर टकटक करत मागून पुढे येताना दिसले, आम्ही पोरं पुढच्या सीटवर, आण्णा आमचंही तिकीट काढायचे, स्वतःच्या खिशातून.

आण्णांची एक सवय होती जी घरातल्या सगळ्यांना माहीत होती. रिटायर झाल्यावरही ते पंच घरात वापरायचे. लाईटबिल भरलं की कोपऱ्यात एक भोक, घरपट्टी भरली की भोक, किराण्याची उधारी फिटली की त्या चिठ्ठीला भोक. भोक पडलं म्हणजे तो कागद झाला, पुन्हा चालायचा नाही. आई चिडायची, रेशनकार्डाला नका हो पाडू म्हणून.

डगल्याच्या खाली प्लॅस्टिकच्या पिशवीत दोन कागद होते. पहिला २०११ च्या मृत्यूपत्राची झेरॉक्स. मी ती उजेडाला धरली आणि खाली उजव्या कोपऱ्यातून खिडकी दिसली. गोल भोक.

दादाने माझ्या हातातून घेतली, उलटीसुलटी केली, काही बोलला नाही.

दुसरा कागद फुलस्केप, रेघांचा, निळ्या शाईत आण्णांच्या हातचा. ते अक्षर मी कुठेही ओळखेन, वेबिलं भरून भरून सगळी अक्षरं चौकोनात बसवल्यासारखी. तारीख १४ जून २०१९. "मी पूर्वी केलेलं मृत्यूपत्र रद्द करून हे माझं शेवटचं मृत्यूपत्र करत आहे. त्यात सुमन सुस्थळी आहे असं मी लिहिलं होतं. ते आता खरं नाही. राहतं घर, विहीर आणि घरामागची बारा कलमं सुमनला द्यावीत. तिने माझं केलं म्हणून नव्हे, तिला जायला दुसरं घर नाही म्हणून. वरचं वरकस दोघा मुलांनी सारखं घ्यावं. मुलांवर माझा राग नाही." खाली सही आणि दोन साक्षीदार, शाळेचे गुरुजी आणि पोस्टमन काका. पोस्टमन काका आण्णांच्या आधीच गेले, करोनात.

या कागदाला भोक नव्हतं.

बराच वेळ आम्ही दोघं जमिनीवर बसून होतो, बाहेर ताई फणसाची साटं वाळत घालत होती, तिच्या बांगड्यांचा आवाज येत होता. मग दादा हळू आवाजात म्हणाला, "हे रजिस्टर नाहीये." मी म्हटलं, "हो." "स्टॅम्पपेपर पण नाही." मी म्हटलं, "हो." आणि खरं सांगतो, त्या क्षणी माझ्याही मनात तेच चाललं होतं जे त्याच्या मनात होतं, भरलेली फी, इसाराचा खर्च झालेला लाख, आणि हा कागद आपण दोघांनीच पाहिलाय. अर्धा मिनिट असेल. पण ते अर्धं मिनिट होतं, आणि मी ते लपवणार नाही.

मग दादाच उठला, चपला घातल्या, म्हणाला, "चल, गुरुजींकडे जाऊ."

गुरुजी आता ८१ वर्षांचे, ओटीवर खुर्ची टाकून बसलेले. कागद बघून चष्मा पुसला, आपली सही बघितली आणि म्हणाले, "आलात. उशिरा आलात." दादा म्हणाला, "गुरुजी, तुम्हाला माहीत होतं तर फेरफाराच्या वेळी बोलला का नाहीत?"

"तुझ्या आण्णांनी वचन घेतलं होतं. म्हणाले, मी स्वतः सांगणार, दोघांना एकत्र बसवून, एकाला आधी सांगितलं तर दुसऱ्याला वाटेल मागून काही केलं. त्या वर्षी गणपतीला सांगायचं ठरवलं होतं त्यांनी. ते गेल्यावर मला वाटलं सांगून झालं असेल, तुम्ही आपसात काही ठरवलं असेल. सुमनला विचारलं तर म्हणाली, सगळं नीट आहे गुरुजी."

मी मनात मोजत होतो. २०१९ च्या गणपतीला मी आलो, दादाला सुट्टी मिळाली नाही. २०२० ला लॉकडाऊनमुळे कुणीच नाही. २०२१ ला दादा आला आणि मी दीड दिवसाचं जमत नाही म्हणून व्हिडिओ कॉलवर आरती केली. आण्णा कॉलवर विचारत होते, "तू कधी येतोस रे, दादा आहे तोवर ये." मी म्हटलं होतं, बघतो.

दुसऱ्या दिवशी देवरुखला वकिलांकडे गेलो. त्यांनी कागद दोनदा वाचला आणि सरळ सांगितलं, मृत्यूपत्र साध्या कागदावर चालतं, नोंदणी सक्तीची नाही, दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात त्या आहेत, त्यातला एक हयात असून तो सांगू शकतो. आणि शेवटचं असेल तेच खरं, आधीचं रजिस्टर असलं तरी. दादाने विचारलं, "पण आमची नावं लागली ना सातबाऱ्यावर?" ते म्हणाले, "फेरफार म्हणजे महसुलाची नोंद, त्याने मालकी ठरत नाही. तुम्ही भावंडं एकमताने असाल तर कागद करू, भांडणार असाल तर कोर्ट आहे. काय ते आधी तुम्ही ठरवा."

दादा म्हणाला, "ठरलंय." माझ्याकडे बघितलंही नाही, आणि मला त्याचं वाईट वाटलं नाही.

पुण्याच्या पार्टीला वकिलांच्या ऑफिसातूनच फोन लावला. ते चिडले, बरंच बोलले, ऐकून घेतलं. दादाने त्याचा लाख लगेच परत केला, माझ्या वाट्याचा मी जुलैपर्यंत देतो म्हणून लेखी पाठवलं. बायकोला फोन केला तेव्हा ती थोडा वेळ गप्प होती, मग म्हणाली, "माझ्या बांगड्या आहेत की." तो विषय तिथे थांबला.

घरी आलो तर ताईने सामान बांधायला घेतलं होतं. दोन पिशव्या आणि आईचा तांब्याचा हंडा, बस. दादाने तो कागद तिच्या हातात दिला. तिने पदराला हात पुसले, दाराशी उजेडात जाऊन वाचला, हळूहळू, ओठ हलवत. "ते आता खरं नाही" या ओळीवर थांबली असावी, कारण तिथेच तिचं बोट होतं.

"त्या दिवशी गुरुजी आले होते," ती म्हणाली. "चहा ठेवला आणि आण्णा म्हणाले, सुमे, तू विहिरीवर जाऊन ये. मी म्हटलं आत्ता तर पाणी भरलं. तर म्हणाले, परत भर." आणि मग ती रडायला लागली, आण्णा गेले तेव्हाही ती अशी रडली नव्हती.

दादा तिला जवळ घेऊन काही बोलला असता तर बरं झालं असतं, पण आमच्या घरात ते कुणाला येतच नाही. तो ट्रंकेपाशी गेला, पंच काढला, खिशातून इसारपावतीची आमची प्रत काढली आणि कोपऱ्यात धरून दाबली. पंच हलेना. गंजून बसला होता. दोन्ही हातांनी दाबला तरी हलेना.

"थांब," ताई म्हणाली. नाक ओढत आत गेली, खोबरेल तेलाची बाटली आणली, सांध्यात एक थेंब सोडला आणि पंच दोन-तीनदा मोकळाच दाबून बघितला, तो कुरकुरला आणि मग सुटला. तिने तो दादाकडे दिला नाही. पावती त्याच्या हातातून घेतली, चुलीजवळच्या उजेडात नीट धरली, कोपरा सरळ केला.

टक.