गणेशोत्सव सांस्कृतिक कार्यक्रम : नावनोंदणी सुरू

नमस्कार मंडळी,

यंदा गणपती सोमवारी, १४ सप्टेंबरला बसतायत. आपला कार्यक्रम रविवारी २० तारखेला, संध्याकाळी ५.३० पासून बी विंगच्या पार्किंगमधल्या मंडपात. रात्री १० ला स्पीकर बंद, म्हणून जागा फक्त ३३.

गेल्या वर्षी ‘येऊ द्या, बसवू कुठंतरी’ म्हणत ५१ नावं घेतली. पावणेदहाला एक परी पंखांसकट आजीच्या मांडीवर गाढ झोपली होती आणि तिच्या आधी अजून सहा नाच बाकी होते. त्यामुळे यंदा चिल्लीपिल्ली सगळ्यात आधी, आणि वही भरली की भरली.

५.३० ते ६.१५ : ६ वर्षांपर्यंत, ८ जागा, प्रत्येकी ३ मिनिटं
६.१५ ते ७.३० : ७ ते १२ वर्षं, १२ जागा, ४ मिनिटं
७.३० ते ८ : आरती, प्रसाद
८ ते ८.३० : ६० च्या पुढचे, ४ जागा, ५ मिनिटं
८.३० ते ९.१० : १३ ते १८ वर्षं, ५ जागा, ६ मिनिटं
९.१० ते ९.४५ : १९ ते ५९, ४ जागा, ६ मिनिटं
शेवटची १५ मिनिटं बक्षिसांना.

वय १४ सप्टेंबरला पूर्ण झालेलं धरू. ग्रुप कितीही जणांचा असला तरी जागा एकच. वयं वेगवेगळी असतील तर ग्रुपमधल्या सर्वांत मोठ्याचा गट लागू. एकाला एक सोलो आणि एक ग्रुप, बस्स.

नावं वॉचमनच्या केबिनमधल्या निळ्या वहीत लिहा : फ्लॅट नंबर, नाव, वय, काय करणार, गाणं कोणतं. ग्रुपवर नुसतं ‘आमच्या पिंट्याचं घ्या’ टाकलेलं धरलं जाणार नाही. मुदत रविवार, ३० ऑगस्ट, रात्री ९. तेच गाणं आधी कुणी लिहिलं असेल तर दुसरं निवडा. गेल्या वर्षी एकाच गाण्यावर चार नाच झाले, चौथ्या वेळी प्रेक्षकच नाचत होते.

प्रॅक्टिस ५ ते १३ सप्टेंबर, क्लबहाऊसच्या हॉलमध्ये. ६ पर्यंतच्या मुलांना ५.३० ते ६.१५, ७ ते १२ ला ६.१५ ते ७.३०, १३ ते १८ ला ७.३० ते ८.३०, मोठ्यांना ८.३० ते ९.३०. ज्येष्ठांसाठी सकाळी ११ ते १२. लेझीमवाल्यांनी मात्र गच्चीवर जावं. हॉलखालच्या फ्लॅटमध्ये दहावीचा मुलगा अभ्यास करतो. गणपती बसल्यावर हॉलमध्ये प्रसादाची भांडी असतील, तिथं प्रॅक्टिस नाही. स्टेजवरची रंगीत तालीम बुधवारी १६ ला, आरतीनंतर ८.१५ ला. तिला न येणाऱ्यांचा नंबर त्यांच्या गटात शेवटी जाईल.

गाणी १२ तारखेपर्यंत ए-२०३ मध्ये पेनड्राइव्हवर द्या, मोजून तेवढ्याच मिनिटांची कापून. ऐन वेळी मोबाईल पुढं करू नका, मध्येच कुणाचा तरी फोन येतो.

निवेदनाला दोघं हवेत. ज्यांना माईक सोडवत नाही त्यांनी कृपया स्वतःहून पुढं येऊ नये.

सांस्कृतिक समिती