माडीवर आणि खाली, दोघांनाही: रात्रीच्या आवाजाबद्दल

नमस्कार, हा मेसेज दोन्ही बिऱ्हाडांना एकच पाठवतेय, अक्षराचाही फरक नाही. दोघांचेही फोन आले, दोघांचंही ऐकलं. कोण चूक ते मी ठरवत नाहीये, फक्त काय काय झालं ते खाली लिहिलंय, चुकलं असेल तर सांगा, तुमचं म्हणणं त्याच ओळीपुढे लिहीन.

सोम ४ ऑगस्ट, रात्री ११.२० ते ११.५०. माडीवर जड काहीतरी ओढल्याचा आवाज. खालच्यांनी फोन केला, आवाज मी स्वतः ऐकला नाही. वरचे म्हणाले कौलातून गळत होतं म्हणून खाटा सरकवल्या.

बुध ६ ऑगस्ट, पहाटे ४.४०, साधारण १० मिनिटं. खाली मिक्सर. वरच्यांनी रेकॉर्डिंग पाठवलं, त्यात ऐकू येतो. खालचे म्हणाले ताईंची सकाळची ड्युटी, डब्याचं वाटण होतं.

शनि ९ ऑगस्ट, रात्री १०.४५ ते १२.१०. माडीवर स्पीकर, मी स्वतः ऐकला. सव्वाअकराला फोन केला, कमी झाला, पावणेबाराला परत वाढला. मग खालून तक्तपोशीला काठी मारल्याचा आवाज, चार-पाच वेळा.

रवि १०, सोम ११. कुणाचीच तक्रार नाही.

४ तारखेचं गळणं हे माझं काम, ते राहिलं त्याबद्दल सॉरी, उद्या माणूस येऊन ताडपत्री टाकेल आणि पाऊस उघडला की कौलं परतून घेते. आणि घर जुनं आहे, माडीला नुसत्या फळ्या, वर तांब्या पडला तरी खाली दणका बसतो, त्यामुळे प्रत्येक आवाज मुद्दाम केलेला नसतो हे खरंच मनापासून सांगतेय. १ ऑगस्टला मासेमारी सुरू झाल्यापासून वरच्यांना जेटीवरून यायलाच साडेदहा होतात, जेवण-आंघोळ होणारच, आणि खाली लहान बाळ आहे, तेही झोपायला हवं.

म्हणून माझं म्हणणं असं, रात्री १० ते सकाळी ६ स्पीकर बंद, हेडफोन लावा (ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांतही रात्र म्हणजे हीच वेळ धरलीय), खाटांच्या पायांना रबर मी आणून देते, वाटण रात्री ९ च्या आत करून फ्रिजमध्ये ठेवा, आणि काठी मारू नका, मला फोन करा, कितीही वाजले तरी.

यापुढे आवाज झाला तर त्याच दिवशी तारीख, वेळ, काय ऐकू आलं, किती वेळ, एवढंच मला पाठवा. "नेहमीच", "मुद्दाम" असलं नको. एकमेकांच्या दाराचे व्हिडिओ तर अजिबात नको.

गणपतीत आरती-भजन होणारच, किती वाजेपर्यंत ते फक्त आदल्या दिवशी एकमेकांना सांगा.

रविवारी १७ तारखेला संध्याकाळी ५ ला पडवीत बसूया, तोपर्यंतची नोंद दोघांसमोर वाचते. वेळ जमत नसेल तर शुक्रवारपर्यंत कळवा.