खडी की माग? सोलापूरचे विणकर आणि दुष्काळातलं सरकारी काम, १८७६ ते १९०२ : पीएचडी प्रवेशासाठी निवेदन

आदरणीय निवड समिती,

फॉर्मसोबतच्या सूचनेत लिहिलंय की निवेदन स्वतःच्या शब्दात द्या, म्हणून मी बोलते तशीच लिहितेय.

माझा प्रश्न असा आहे. दुष्काळात ब्रिटिश सरकार उपाशी माणसाला मदत करायचं ती काम देऊन, आणि काम म्हणजे माती उपसणं नाहीतर खडी फोडणं. मग ज्याच्या हाताला लहानपणापासून फक्त सुताची सवय आहे त्या विणकराचं काय करायचं, त्याला खडीवर पाठवायचं की त्याच्याच मागावर काम देऊन त्याचं कापड सरकारने विकत घ्यायचं? सोलापुरात १८७६ ते १९०२ या काळात हा प्रश्न पुन्हा पुन्हा उभा राहिला आणि त्याची उत्तरं दर वेळी सारखी नव्हती. ती का बदलली, कुणी बदलायला लावली, आणि त्यात विणकर घरांचं पुढे काय झालं हे मला शोधायचंय.

मी सोलापूरच्या पूर्व भागातली. घरी तेलुगू, शाळेत मराठी. अव्वा आयुष्यभर विड्या वळायची, वडील तीस वर्षं यंत्रमागावर आहेत. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये कारखाना बंद झाला, शेठने पहिल्या महिन्यात थोडी उचल दिली आणि नंतर फोन उचलणं बंद केलं. तेव्हा गावाकडचे एक ओळखीचे काका वडिलांना म्हणाले की आमच्याकडे या, रोजगार हमीचं काम निघालंय, पण आमचं जॉबकार्ड निघणार कसं, आम्ही शहरातले, आणि निघालं असतं तरी वडील तुटलेली तार डोळे मिटून जोडतात पण त्यांना कुदळ चालवता येत नाही. त्या दिवसात वडील घरात नुसते बसून असायचे आणि बोटं मात्र गाठ मारल्यासारखी हलायची. तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं की काम द्या म्हटल्यावर सरकारला खोदकामच का सुचतं, ही सवय कुठून आली? एमएच्या दुसऱ्या वर्षी दुष्काळावरचे सरकारी अहवाल वाचायला घेतले तेव्हा हाच प्रश्न सव्वाशे-दीडशे वर्षांपूर्वीच्या साहेबांच्या भाषेत समोर आला, आणि तिथून हा विषय सुटलाच नाही.

आता काळ हाच का ते सांगते. १८७६-७८ चा दुष्काळ सोलापूर जिल्ह्याला फार जोरात बसला. मोहोळकडचा आष्टी तलाव त्या दुष्काळात लोकांना काम म्हणून हाती घेतला गेला. त्याच दुष्काळात जानेवारी १८७७ मध्ये रिचर्ड टेंपल यांनी मजुरी खाली आणली, दिवसाला एक पौंड धान्याची किंमत आणि वर थोडे पैसे, आणि मुंबई इलाख्यात हजारो लोकांनी ती मजुरी नाकारून कामं सोडली. पुण्याच्या सार्वजनिक सभेने गणेश वासुदेव जोशींच्या पुढाकाराने त्यावर सरकारकडे अर्जांमागून अर्ज केले. पुढे १८८० च्या फॅमिन कमिशनने जे तत्त्व घालून दिलं ते साधं आणि कठोर होतं, काम इतकं जड आणि मजुरी इतकी बेताची ठेवा की खरा गरजूच येईल. त्यावरून प्रांतांचे फॅमिन कोड झाले. १८९६-९७ आणि १८९९-१९०२ च्या दुष्काळात हे कोड प्रत्यक्ष वापरले गेले, आणि १८९८ आणि १९०१ च्या दोन्ही कमिशनना विणकरांच्या मदतीचा वेगळा विचार करावा लागला. म्हणजे एका माणसाच्या आयुष्यात बसेल एवढ्या काळात नियम तयार झाला, वापरला गेला आणि विणकरापाशी येऊन अडला. म्हणून १८७६ ते १९०२.

याच काळात सोलापूर पण बदलत होतं. १८६० ला रेल्वे आली, १८७७ ला, म्हणजे ऐन दुष्काळात, जुनी गिरणी निघाली, मग १८९८ च्या आसपास लक्ष्मी आणि नरसिंग गिरजी. तेलंगणातून, म्हणजे तेव्हाच्या निजामाच्या मुलखातून, पद्मशाली घरं येत राहिली. आमच्याकडे सगळे सांगतात की आपण दुष्काळामुळे आलो, पण सोलापूर तर स्वतःच दुष्काळी जिल्हा, मग लोक दुष्काळातून दुष्काळात का आले? माझा अंदाज असा की शहरात सूत मिळत होतं, लुगड्याला गिऱ्हाईक होतं, सावकार उचल देत होता, आणि वाईट वर्षात विणकराला मागावरच मदत मिळायची शक्यता इतर ठिकाणांपेक्षा जास्त होती. हा अंदाज चुकीचाही निघेल, पण तो कागदावर तपासता येतो म्हणून तो मला महत्त्वाचा वाटतो.

खडीविरुद्ध विणकरांची बाजू घेणारे अधिकारी म्हणायचे की याचे हात खराब झाले तर दुष्काळ संपल्यावर हा पुन्हा मागावर बसू शकणार नाही आणि कायमचा सरकारच्या गळ्यात पडेल. दुसरी बाजू म्हणायची की मागावर काम दिलं तर गरजू कोण आणि फायदा घेणारा कोण हे कळणार कसं, आणि साठलेलं कापड विकायचं कुठे. मला या वादात एक तिसरी गोष्ट दिसते जी दोघंही नीट बघत नाहीत. माग एका माणसाचा नसतोच. धोटा पुरुष टाकतो, पण कांड्या भरायच्या बायकांनी, ताणा करायला आणि खळ द्यायला सगळं घर लागतं, पोरं सुद्धा. खडीवर गेलं तर बाई स्वतःच्या नावाने मजूर म्हणून लागते आणि तिला स्वतःची मजुरी मिळते, कमी का असेना. मागावर मदत मिळाली तर पैसे मागवाल्याच्या हातात आणि ती कागदावर अवलंबून असलेली माणूस. म्हणजे जी मदत विणकराच्या कलेचा मान ठेवते तीच त्याच्या बायकोचं काम पुसून टाकते का? माझ्या प्रबंधाचा गाभा हा आहे. विणकराला खडी फोडायला लावणं वाईट आणि माग देणं चांगलं एवढं म्हणून मला थांबायचं नाही.

साधनं. सगळ्यात मोठा साठा मुंबईत महाराष्ट्र राज्य अभिलेखागारात आहे, एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत. तिथली महसूल विभागाची दुष्काळाची बाडं हा माझा पाया, कारण त्यात कलेक्टर, कमिशनर आणि सरकार यांचा आपसातला पत्रव्यवहार मिळतो, आणि छापील अहवालात जे गुळगुळीत होऊन येतं ते तिथे भांडणाच्या रूपात असतं. त्याच्या जोडीला देशी वर्तमानपत्रांचे सरकारने दर आठवड्याला करून घेतलेले इंग्रजी गोषवारे, तिन्ही फॅमिन कमिशनचे अहवाल आणि साक्षी, १८८४ चं सोलापूरचं गॅझेटियर, आणि १८७२ पासून १९०१ पर्यंतच्या शिरगणत्या. गोषवाऱ्यांबद्दल एक सांगते, ते सरकारने सरकारसाठी केलेले आहेत, त्यामुळे जिथे मूळ मराठी अंक मिळेल तिथे मी मूळच वाचणार.

सोलापुरात नगरपालिका १८५२ ची, तेव्हा तिचे ठराव आणि वार्षिक अहवाल. शहरातल्या विणकरांना मागावर मदत द्यायची तर गावातल्या व्यापाऱ्यांना हाताशी धरल्याशिवाय ते होणं अवघड, त्यामुळे सूत कुणी आणलं आणि कापड कुणी उचललं हे मला नगरपालिकेच्या आणि व्यापाऱ्यांच्या कागदात शोधायचंय. व्यापारी घरांच्या वह्या मोडीत असतात. मी मोडीचा कोर्स केलाय आणि रोज एक पान वाचायची सवय ठेवलीय, हिशेबाची मोडी पत्राच्या मोडीपेक्षा अवघड जाते पण जमतंय. हैदराबादला तारनाक्याच्या राज्य अभिलेखागारात निजामाच्या राज्याची कागदपत्रं आहेत, लोक निघाले त्या बाजूचं चित्र तिथून मिळेल, त्यासाठी उर्दू शिकणं सुरू केलंय. अमेरिकन मराठी मिशनचं सोलापुरात ठाणं होतं आणि त्यांच्या मूळ संस्थेचा पत्रव्यवहार हार्वर्डच्या हॉटन लायब्ररीत आहे, पण तिथे जाणं खर्चाचं, त्यामुळे मिशनच्या छापील अहवालांवर मी सुरुवात करेन आणि प्रबंध त्या प्रवासावर अवलंबून ठेवणार नाही.

घरोघरच्या आठवणी मी घेणार आहे, तेलुगूत, पण १९०० च्या दुष्काळाचा पुरावा म्हणून नाही. ते बघितलेलं आज कुणीच नाही. आपण कसे आलो हे लोक आज कसं सांगतात आणि का सांगतात, एवढ्यापुरत्याच त्या वापरणार.

अर्काइव्हमध्ये विणकर स्वतः फार कमी बोलतो, बहुतेक वेळा तो आकडा असतो, अमुक इतके माग, अमुक इतके अवलंबित. तो बोलतो ते अर्जात, आणि अर्ज लिहिणारा दुसराच असतो. म्हणून मी अर्ज आणि त्यावरचे शेरे एकत्र वाचणार आहे, मागितलं काय आणि साहेबाला ऐकू काय आलं, या दोन्हीतलं अंतर मोजत.

हे दुष्काळाच्या अभ्यासकांपलीकडे कुणाला कशाला हवं, असं इंटरव्ह्यूत विचारलं जाईल म्हणून आत्ताच लिहिते. १९७२ च्या दुष्काळात आपल्या जिल्ह्यातली माणसं खडी फोडायला गेली, सुकडी खाल्ली, आजही कुठल्याही खेड्यात साठी-सत्तरीच्या माणसाला विचारा. त्यातूनच महाराष्ट्राचा रोजगार हमीचा १९७७ चा कायदा आला आणि देशाने २००५ मध्ये तोच धागा पुढे नेला. मला या कायद्यांचा अभिमान आहे, कारण फॅमिन कोडमध्ये काम ही परीक्षा होती आणि इथे काम हा हक्क झाला. पण कामाची कल्पना तीच राहिली, अकुशल, अंगमेहनतीचं, मातीचं, आणि मुख्यतः खेड्यातलं. शहरातला यंत्रमाग कामगार, विडी कामगार बाई, शिवणकाम करणारी, यांचा धंदा एका रात्रीत बसला तर त्यांच्या हाताला जमेल असं काम द्यायचं कसं याचा विचार करताना सगळे असं धरून चालतात की हे कधी कुणी करूनच बघितलेलं नाही. सोलापुरात ते करून बघितलं गेलं होतं. त्याला किती खर्च आला, कापड विकलं गेलं का, मधल्या मधे कुणी खाल्लं, कोण सुटलं, हे सगळं धोरण ठरवणाऱ्यांना, युनियनवाल्यांना आणि खुद्द कामगारांना उपयोगाचं आहे, चांगलं निघो की वाईट.

कामाचा क्रम असा धरलाय. पहिलं वर्ष कोर्सवर्क आणि मुंबईची बाडं, दुसऱ्या वर्षी सोलापूर आणि हैदराबाद, तिसऱ्या वर्षी राहिलेलं वाचन आणि लिखाण, चौथं पूर्ण लिखाणाला. मुंबईत सुरुवात १८९६-९७ च्या बाडांपासून करणार, १८७६ पासून नाही, कारण मागावरची मदत तिथे कोडच्या भाषेत स्पष्ट दिसते आणि तिथून मागे आणि पुढे जाणं सोपं. मार्गदर्शक म्हणून आर्थिक इतिहास आणि स्त्रियांच्या श्रमाचा इतिहास या दोन्हीकडे बघणारं कुणी मिळालं तर मला सगळ्यात जास्त मदत होईल. मोडीतल्या एका हिशेबाच्या पानाचं मी केलेलं लिप्यंतर सोबत जोडलंय, त्यातले दोन शब्द मला लागलेले नाहीत, तिथे मी तशी खूण केलीय.